दुसऱ्या बीपपर्यंत

जोतीराम विरकर आमच्या बँकेच्या माधवनगर शाखेत सुरक्षारक्षक आहेत. मूळ गाव म्हसवडजवळची एक वाडी. वडील मेंढरं राखायचे. जोतीराम सैन्यात ट्रकचालक म्हणून लागले, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि सांगलीला आले. सगळे त्यांना हवालदारच म्हणतात.

शाखेत त्यांची उभी राहण्याची एक ठरलेली जागा आहे. काचेच्या दाराजवळ, भिंतीला पाठ लावून, सगळे चेहरे समोर दिसतील अशी. पेन्शन घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते हात धरून पायरी चढवतात, पावती भरून देतात, रिक्षा थांबवून ठेवतात. माझ्या आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तिची पेन्शन त्यांच्या हाताला धरूनच निघाली. मी त्याच शाखेत आत बसलेलो असायचो, पण आईला माझ्यापेक्षा हवालदारांचा हात बरा वाटायचा. "तुझी आपली घाई. तो माणूस थांबतो," असं ती म्हणायची.

तरी शाखेतल्या काहींना ते तोऱ्यातले वाटायचे. पाठीमागून हाक मारली तर वळत नसत. कॅशियर क्रांती पाटील एकदा चिडून म्हणाली, "आवं हवालदार, तीनदा हाक मारली. का माझ्याशी बोलायचं न्हाई असं ठरवलंय?" त्यावर ते नुसते हसले आणि मान हलवली. हसून मान हलवणं हे त्यांचं पुष्कळ गोष्टींवरचं उत्तर होतं.

त्यांची मुलगी प्रांजल आयर्लंडमध्ये नर्स आहे. एकुलती एक. जेवणाच्या सुट्टीत कधी तिचा फोन आला तर आम्हाला तो ऐकू यायचा आणि सगळ्यांना पाठ होता. "हां. जेवलो. तू जेवलीस न्हवं? बरं बरं. ठेवतो." झालं. फोन खिशात. एवढ्या लांब गेलेल्या मुलीशी एवढंच? मला ते खटकायचं, पण विचारणं बरं दिसेना.

मग एका सोमवारी त्यांनी आपणहून सांगितलं, "काल पोरीबरूबर दीड तास गाडी चालवली, सायेब. लय बर्फ हुता."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी खुलासा केला. प्रांजल परदेशी जाताना घरात दोन वस्तू ठेवून गेली होती. पहिल्या पगाराच्या भरवशावर हप्त्याने घेतलेला भिंतभर टीव्ही आणि तिची गेम खेळायची पेटी. तिच्याकडे तिथे तशीच दुसरी पेटी होती. चिखलातून, बर्फातून, नदीतून मालाचे ट्रक काढायचे असा तो खेळ. दोघांनी आपापल्या घरी बसायचं, पण पडद्यावर एकाच रस्त्यावर. एकाचा ट्रक रुतला की दुसऱ्याने तार बांधून ओढायचा. दर रविवारी संध्याकाळी, तिकडे दुपार असताना, हवालदार कानांवर मोठाले हेडफोन चढवून बसत आणि बापलेक ट्रक हाकत.

"आणि बोलता काय?" मी विचारलं.

"काय बी. तिच्या वॉर्डातलं, इथलं, मेंढरांचं. गाडी रुतली की माणूस बोलतोच." मग म्हणाले, "फोनवर आपल्याला न्हाई जमत. हिथंच जमतं."

तेव्हापासून सोमवारी सकाळी मी विचारायचो, काल कुठवर गेलात? आणि ते दाराशी उभे राहून सगळा घाट सांगायचे. मुलीशी त्यांचं जे काही बोलणं होतं ते त्या पेटीपुरतंच होतं. हे त्यांनाही माहीत होतं, आणि मलाही कळलं होतं.

गेल्या खंडेनवमीला गडबड झाली.

सैन्यात असताना त्या दिवशी गाडीची पूजा व्हायची. निवृत्तीनंतर गाडी उरली नाही, तरी सवय कुठे जाते? त्यांनी विचार केला, आता आपली गाडी हीच. टीव्ही पुसला, पेटी पुसली, कंट्रोलरला झेंडूची माळ घातली. हळदकुंकू वाहिलं, आणि सैन्यात बोनेटसमोर फोडायचे तसा टीव्हीसमोर नारळ फोडला. आणि नारळाचं पाणी हातात घेऊन रीतीप्रमाणे टीव्हीवर चांगलं सपकन शिंपडलं. ते पडद्यावरून ओघळत खालच्या पट्टीत शिरलं. टीव्ही चालूच होता. आधी रंगीत रेघा आल्या, मग अर्धा पडदा काळा झाला, मग सगळा.

भामाबाई, त्यांच्या पत्नी, सिद्धनाथाच्या दर्शनासाठी म्हसवडला गेल्या होत्या. घरात बोलणारं कोणी नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. हवालदारांनी दसऱ्याला दुकान गाठलं, मेलेला टीव्ही देऊन त्या बदल्यात एक लहान, साधा टीव्ही आणला. मोठा त्यांच्या ऐपतीत नव्हता. पोरीला काही कळवलं नाही. तिच्या पहिल्या पगाराचा टीव्ही आपण नारळाच्या पाण्याने मारला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

नव्या टीव्हीला पेटी जोडली. पेटीचा दिवा लागला, आतला पंखा फिरला. पडद्यावर मात्र काळं, आणि मधोमध "सिग्नल नाही" अशी अक्षरं.

शेजारच्या कृष्णातने निदान केलं. "पाणी पेटीतबी गेलंय बघा. मोबाईल भिजला की काय करतो आपण? तांदळात ठेवा." म्हणून हवालदारांनी पेटी तांदळाच्या डब्यात पुरली. रविवारी सकाळी बाहेर काढून लावली, तरी तेच. मग त्यांनी मला फोन केला. त्यांनी आपणहून मला फोन करण्याची ती पहिलीच वेळ.

"सायेब, जरा येता का? पेटीबी गेली वाटतं. आज सांजच्याला पोरगी वाट बघंल."

मी दुपारी गेलो. पेटी हलवली तर खुळखुळली आणि तांदळाचे चार दाणे बाहेर पडले. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही. एवढंच कळतं की चूक कुठे नाही हे आधी पाहावं, म्हणजे ती कुठे आहे ते उरतं. पेटीची तार काढून केबलच्या डब्याला लावली, टीव्हीला त्याच भोकात. चित्र स्वच्छ आलं, बातम्या दिसल्या. म्हणजे तार ठीक, भोक ठीक, टीव्ही ठीक. परत पेटी लावली. बटण दाबल्यावर तिच्यातून एक बारीक बीप आली, दिवा लागला, पंखा फिरला. पडदा काळा.

"म्हंजे पेटीच," हवालदार म्हणाले.

"तसंच दिसतंय," मी म्हणालो, आणि तिथे माझं चुकलं.

कृष्णातने ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, आणून द्या, सगळं पुसून कोरी करून देतो. कृष्णात खूष झाला. हवालदारांनी विचारलं, "कोरी म्हंजे? आतल्या आमच्या गाड्या?"

"आवं, गाड्या काय, परत घ्यायच्या!"

"दोन वर्सं झाली रं त्या रस्त्याला," ते हळूच म्हणाले. पेटी त्यांनी मांडीवर घेतली, आणि ती कोणाच्या हाती द्यायची नाही हे न बोलता सगळ्यांना कळलं.

मला एका साखरपुड्याला आष्ट्याला जायचं होतं. कृष्णातही निघाला. पुढचं मी पाहिलेलं नाही. हवालदारांनी एका बाजूने आणि नंतर प्रांजलने दुसऱ्या बाजूने मला सांगितलं, आणि दोन्हींचा मेळ बसला.

ठरलेल्या वेळी बाप खेळात दिसेना म्हणून प्रांजलने व्हिडिओ कॉल केला. हवालदारांनी फोन तोंडासमोर धरला.

"आप्पा, कुठं हाय तुमी? मी कवाची पुलाजवळ थांबलेय."

"पेटी बिघडली. पुढच्या रविवारी बघू. जेवलीस न्हवं? बरं. ठेवतो."

"ठेवतो काय! मागं तो टीव्ही कसला? आपला कुठं गेला?"

आता सुटका नव्हती. त्यांनी नारळापासून तांदळापर्यंत सगळं सांगून टाकलं. मान खाली होती. वर पाहिलं तर पोरगी डोळे पुसत हसत होती.

"टीव्हीवर नारळ? आप्पा! आई आली की काय करणार?"

"ते नंतर बघू. पोरी, तुझा टीव्ही मी मारला. पेटीबी मारली."

"आप्पा, माझ्या तोंडाकडं बघा. पेटी मेली न्हाई. दिवा लागतोय न्हवं? पंखा फिरतोय? मग जित्ती हाय."

मग तिने त्यांना समजावलं. तो मोठा टीव्ही घेतला तेव्हा तिने पेटीला स्वतःच्या हाताने सांगून ठेवलं होतं, की याच्यावर कायम मोठ्यात मोठं, बारकाव्याचं चित्र पाठवायचं. समोर टीव्ही कोणता आहे ते बघून आपलं आपण ठरवायची सोय पेटीत असते, पण ती तिने काढून टाकली होती. आता समोर लहान टीव्ही आला. तेवढं मोठं चित्र त्याला घेताच येत नाही. पेटी पाठवतेय, टीव्हीला उमगत नाही, म्हणून तो म्हणतो काही आलंच नाही. नारळाच्या पाण्याचा पेटीशी संबंधच नव्हता.

"मग सांग की तिला, ल्हान चित्र पाठव म्हणून."

"सांगायचं तर पडद्यावर यादी दिसायला पायजे. पडदा काळा. तिथंच तर अडतंय. पण आप्पा, गाडी चिखलात रुतली की तुमी काय करता?"

"पयल्या गिअरला टाकतो. हळू, पर जोरात."

"तसाच पेटीला एक पहिला गिअर असतो. त्याच्यात ती अगदी साधं, कमी बारकाव्याचं चित्र पाठवते. कुठल्याबी टीव्हीला ते दिसतं. एकदा दिसलं की आत जाऊन बदलायचं. काहीच पुसलं जात न्हाई."

काहीच पुसलं जात नाही, हे त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

कृती सोपी होती. पेटी पूर्ण बंद करायची, दिवासुद्धा विझला पाहिजे. मग बटण दाबून धरून ठेवायचं. दाबताच एक बीप वाजते. तरी सोडायचं नाही. काही सेकंदांनी दुसरी बीप वाजली की बोट उचलायचं. आधी उचललं तर पेटी नेहमीसारखी सुरू होते आणि पुन्हा काळा पडदा.

हवालदारांनी फोन टीव्हीच्या फळीला टेकवून ठेवला आणि बटण दाबलं. लगेच सोडलं.

"सोडलं का, आप्पा?"

"वाजलंच न्हाई."

"वाजलं की! पहिलं वाजलं. परत बंद करा, परत दाबा."

पुन्हा दाबलं, पुन्हा बोट उचललं. "न्हाई वाजत. बटन मेलंय. पाणी गेलंय बघ आत."

"आप्पा, मला हिकडं ऐकू आलं."

"कसं ऐकू यील? पेटी हिथं माझ्या गुडघ्याजवळ हाय. हिथं न्हाई वाजली ती तुला आयर्लंडात वाजली?"

प्रांजल मला म्हणाली, "काका, त्या वाक्यावर मला सगळं उमगलं." ती कान-नाक-घशाच्या वॉर्डात काम करते. बारीक, उंच आवाज आधी जातात हे ती रोज रुग्णांच्या नातेवाइकांना सांगते. ट्रकच्या इंजिनाजवळ वर्षानुवर्षं बसलेली, गोळीबाराच्या मैदानावर उभी राहिलेली माणसं तिने वॉर्डात पाहिलेली. तिचा स्वतःचा आवाजही बारीकच. आणि फोनवर तो आणखी बारीक होतो. "हां. जेवलो. बरं बरं. ठेवतो." ज्या प्रश्नांची उत्तरं न ऐकता देता येतात, तेवढेच प्रश्न आप्पा फोनवर घेत होते. आज व्हिडिओत तिचं तोंड समोर होतं, म्हणून ओठ बघून त्यांचं निभत होतं. मोठे हेडफोन दोन्ही कानांवर चढवून, आवाज पूर्ण वाढवला की मात्र त्यांना पोरीचं सगळं ऐकू यायचं. इतके दिवस तिला वाटत होतं, आपल्या बापाला आपल्याशी नाही, खेळाशी बोलायचं असतं.

"आप्पा," ती म्हणाली, सावकाश, तोंड कॅमेऱ्याजवळ आणून, "कधीपासनं ऐकू येत न्हाई?"

हवालदार हसले आणि मान हलवली.

"मान हलवू नका. सांगा."

"लय दिस झालं. बँकेत कळलं तर कामावरनं काढतील म्हणून बोललो न्हाई. बहिरा राखणदार कोण ठिवंल?"

मग तिने हात वर केला, पंजा उघडा, बापाला दिसेल असा.

"ताफ्यात हाताच्या खुणा असायच्या न्हवं?"

"व्हय."

"माझ्या हाताकडं बघा. हात वर हाय तवर बटन सोडायचं न्हाई. हात खाली आला की सोडा. बीप मी ऐकते."

त्यांनी बटण दाबलं आणि डोळे फोनवर लावले. हात वर. हवालदार म्हणतात, सैन्यात असताना बर्फात वळणावर उभ्या असलेल्या जवानाचा हात बघत गाडी मागे घेतली होती, खाली दरी होती, तेव्हाही नजर अशी हातावर खिळली नव्हती. हात वरच. मग एकदम खाली.

बोट उचललं.

पडदा क्षणभर काळाच राहिला. मग त्यावर मोठ्या ढोबळ अक्षरांत एक यादी उमटली. कडा जाड, चित्र भरड, पण दिसतंय!

"आलं! पोरी, आलं!"

"आता कंट्रोलर तारेनं पेटीला जोडा. ह्या गिअरमध्ये तो बिनतारी चालत न्हाई. मधलं गोल बटन दाबा. दुसरी ओळ. चित्राचा आकार बदला, असं हाय त्याच्यावर. खालच्या शेवटच्या दोन ओळींना हात लावू नका. त्या मात्र सगळं पुसतात."

त्यांनी दुसरी ओळ निवडली. पेटी पुन्हा सुरू झाली, तशाच भरड चित्रात, आणि विचारू लागली, कोणता आकार हवा? प्रांजल म्हणाली, या खेपेला तिचं तिला ठरवू दे, समोर जो टीव्ही असेल त्याच्याजोगं. त्यांनी तसं सांगितलं. चित्र एकदा मिटलं, पुन्हा आलं, आणि नीट दिसतंय का असं पेटीने विचारलं. त्यांनी होकार दिला. मग लहान पडद्यावर स्वच्छ, त्यांचा जुना निळा ट्रक, पुलाच्या अलीकडे, जिथे मागच्या रविवारी ठेवला होता तिथेच.

त्या दिवशी ट्रक हलला नाही. दोघांनी हेडफोन चढवले, ट्रक पुलाजवळ उभे केले आणि बोलत बसले. काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सोमवारी हवालदार माझ्या टेबलासमोर येऊन सावधान उभे राहिले. म्हणाले, "सायेब, एक सांगायचं हाय. मला कमी ऐकू येतं. पोरगी म्हणाली, आधी सायेबास्नी सांगा."

काल दुपारची ती बारीक बीप मला आठवली. ती मी ऐकली होती, आणि त्यांनीही ऐकली असेल असं धरून चाललो होतो. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो.

त्यांना मी खुर्चीवर बसवलं. शाखाधिकाऱ्यांशी बोललो. त्या भल्या बाई. म्हणाल्या, "चष्मा लावणाऱ्याला आपण काढतो का?" माजी सैनिकांच्या दवाखान्यात तपासणी झाली, आणि दिवाळीनंतर दोन्ही कानांत यंत्रं आली. पहिल्या दिवशी ते शाखेत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. पंखा करकरतो, नोटा मोजायचं यंत्र किरकिरतं, क्रांती फोनवर सासूबद्दल बोलते, सगळं एकदम कानात. "एवढा गोंगाट हुता व्हय हिथं?" त्यांनी विचारलं. क्रांती दुसऱ्या दिवसापासून हळू बोलू लागली.

भामाबाईंना टीव्हीचं कळलं तेव्हा जे काय झालं ते यंत्रामुळे त्यांना पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आलं, असं ते सांगतात.

आता जेवणाच्या सुट्टीत प्रांजलचा फोन येतो. हवालदार दाराबाहेर पिंपळाखाली जाऊन उभे राहतात. डबा उघडायचा राहून जातो. रविवारचा ट्रक चालूच आहे. पण तो आता नुसता ट्रक आहे. नारळाच्या त्या पाण्याचे उपकार मानावेत की काय, असं ते अधूनमधून म्हणतात. यंदाच्या खंडेनवमीला त्यांनी कंट्रोलरला माळ घातली, कोरडं हळदकुंकू वाहिलं आणि नारळ अंगणात, दगडावर फोडला.

आईचा हात धरून पायरी चढवणाऱ्या या माणसाचं देणं मला फेडता आलं नाही, येणारही नाही. परवा मी त्यांच्या पाठीमागून जात होतो. जुन्या सवयीने खाकरलो, जवळ गेलो आणि मोठ्याने ओरडलो, "हवालदार, चहा घेणार का?"

ते सावकाश वळले.

"घेतो की. पर सायेब, हळू बोला. लोक बघतायत."